अकरा धुराडी

वस्तीत तिला सगळे मातीमावशी म्हणायचे. तिचं खरं नाव कागदोपत्री असेल तेवढंच, हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. चुली घालणं हा तिचा धंदा. नवऱ्यामागे पंचवीस वर्षं तिनं याच धंद्यावर काढली, आणि त्याच कमाईत मेलेल्या बहिणीची पोर वाढवून तिचं लग्नही करून दिलं, तेही चार गल्ल्या सोडून, डोळ्यांसमोर.

मावशीचा हात होता मोठा गुणाचा. चूल घालायला गेली की ती आधी मातीला हात लावायची नाही. उंबऱ्यावर बसायची, वारा कुठून येतो ते बघायची, घरात माणसं किती, भांडी केवढी, बाई उंच की ठेंगणी, सगळं विचारायची. मग माती चाळून तूस घालून दोन दिवस मुरवायची आणि तिसऱ्या दिवशी अशी चूल उठवायची की दोन काटक्यांत जाळ धरावा. कुणी नव्या चुलीला नाव ठेवलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई गं, चूल माझी आहे, पण ओलं सरपण तुझं आहे."

तीन वर्षांपूर्वी वस्तीत एक योजना आली. ज्या घरात लहान मूल आहे किंवा पुढे होणार, त्या घरात धुराड्याची चूल. दवाखान्याच्या ओट्यावर आठ दिवस शिकवणी झाली. शिकवायला एक इंजिनीअरबाई होत्या, तरुण, कोपरापर्यंत मातीत हात घालून बसणाऱ्या. मावशीला त्या पहिल्या दिवशीच आवडल्या. बंद तोंडाची चूल, मागे दुसरं भांडं ठेवायला वैल, वैलाच्या मागून पाइप, पाइप छपरातून बाहेर, छपराच्या वर दोन-तीन फूट, आणि डोक्यावर पत्र्याची टोपी. भोकाभोवती पत्र्याची कॉलर आणि डांबर, म्हणजे पाणी आत येणार नाही.

"धूर आळशी असतो, मावशी," इंजिनीअरबाई म्हणाल्या होत्या. "वर सरळ वाट मिळाली तर जातो. नाही तर जिथं आहे तिथंच पथारी पसरतो. मोठ्या माणसाचे डोळे चुरचुरतात आणि विषय संपतो. पण तान्ह्या मुलाची छाती अजून वाढत असते. धुरातले कण इतके बारीक की ते थेट खोल जाऊन बसतात. आपल्या श्वासनळीत बारीक केस असतात, ते आतली झाडलोट करतात. धुरानं ते लुळे पडतात. मग साधी सर्दी झाली तरी ती छातीत उतरायला वेळ लागत नाही."

मावशीनं ते नीट ऐकलं होतं. न ऐकलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. हिनं ऐकलं होतं, आणि पुढे तेच तिच्या मानेवर बसलं.

पहिली दहा-बारा घरं तिनं अगदी सांगितल्याबरहुकूम केली. मग पावसाळा लागला आणि एका घरी भोकातून पाणी गळून नेमकं पिठाच्या डब्यावर पडलं. त्या बाईनं भर रस्त्यात मावशीची खरडपट्टी काढली. कॉलरी संपल्या होत्या, नव्या येतो येतो म्हणत आल्या नाहीत. मावशीचा गुडघा दुखत होता, शिडी चढायची म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागे. पुढच्या घरची बाई दारातच म्हणाली, "चूल घाल, पण माझ्या छपराला हात लावायचा नाही."

मावशी उंबऱ्यावर बसून राहिली थोडा वेळ. मग तिनं पाइप उभा केला आणि छपराच्या खाली हातभर अंतरावर थांबवला. "भिंत आणि छपराच्या मधल्या फटीतून जाईल धूर," ती म्हणाली. बाई खूश. वर माळ्यावरचं सरपण सुकं राहील, वाशांना कीड लागणार नाही, आणि गळायचा प्रश्नच नाही. चार दिवसांनी तपासणीचे साहेब आले. नाकाला रुमाल लावून दारातूनच त्यांनी पाइप बघितला, फोटो काढला आणि पुढच्या घरी गेले. मान वर करून बघायला त्यांना सवड नव्हती.

तिथून पुढे सोपं झालं. जिथं बाई कुरकुरली तिथं पाइप आत थांबला. चौतीस चुलींपैकी अकरा तशा झाल्या.

मावशीला कळत होतं का? पुरतं कळत होतं. प्रत्येक चूल ती स्वतः पेटवून बघायची. या अकरा घरांत धूर पाइपमधून वर जायचा, छपराला डोकं आपटायचा आणि वळून खाली यायचा. पाच-दहा मिनिटांत दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत उतरायचा, आणि दार लोटलेलं असेल तर त्याच्याही खाली. ती बघायची आणि मनाशी म्हणायची, पूर्वीपेक्षा तरी बरं. पूर्वीपेक्षा तसूभरही बरं नव्हतं.

अकरांतलं पाचवं घर भाचीचं. जावयानं नुकतेच नवे पत्रे घातले होते, त्याला भोक नको होतं. परक्या बाईपुढे मावशीचं चाललं नसतं, हे एकवेळ समजू. पण जावई तिच्या शब्दाबाहेर नव्हता. ती एकदा दटावून बोलली असती तर त्यानं स्वतः पत्रा कापला असता. ती बोलली नाही. गुडघा दुखत होता, एवढंच.

नववं घर शिवणवालीचं. ती दाराशी मशीन ठेवून कपडे शिवायची आणि मागे चूल. तिचा दीड वर्षांचा मुलगा मागच्या थंडीत चार दिवसांच्या खोकल्यानं गेला. मावशी तिथं बसायला गेली होती. बायका म्हणाल्या, थंडी बाधली. मावशीही म्हणाली, थंडी बाधली. बोलताना तिची नजर वर गेली. मुलाची झोळी जिथं बांधलेली असायची त्याच्या वरचे वासे डांबर फासल्यासारखे काळे होते. मावशीनं मान खाली घातली आणि पदरानं डोळे पुसले. बायकांना वाटलं, रडते आहे.

या वर्षी थंडी पुन्हा तशीच पडली. भाचीची चिंगी तेव्हा आठ महिन्यांची, गुबगुबीत, कुणालाही बघून हसणारी. तिला सर्दी झाली, मग खोकला. भाचीनं विचारलं तेव्हा मावशीच म्हणाली, "चुलीपाशी घेऊन बस, ऊब लागेल, कफ सुटेल." भाची दार लोटून, पोरीला मांडीवर घेऊन स्वयंपाक करू लागली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी गेली तर घरात धूर इतका की भाची आधी दिसलीच नाही, नुसता खोकला ऐकू आला. मावशीनं दार सताड उघडलं. चिंगी मांडीवर होती. हसली नाही. नाकपुड्या फुलत होत्या आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"रात्रीपासून पीत नाहीये गं मावशी," भाची म्हणाली. "शेकतेय तिला. तू सांगितलंस तसं."

मावशीनं पोरीला उचललं आणि गुडघा विसरून दवाखान्याकडे पळत सुटली. तिथल्या आरोग्यताईंनी चिंगीचं झबलं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि कुणाला बोलू दिलं नाही. एक पूर्ण मिनिट त्या नुसत्या त्या इवल्याशा छातीकडे बघत राहिल्या.

"अठ्ठावन्न श्वास," त्या म्हणाल्या. "या वयाला पन्नास म्हणजेच जलद. आणि हा खड्डा बघितलात? वर दूधही पीत नाही. इथं थांबायचं नाही. औषधाचा पहिला डोस देते, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

भाजीचा टेम्पो निघालाच होता, त्यात बसून गेल्या. भाची पोरीला छातीशी धरून, मावशी कोबीच्या पोत्यावर.

मुलांच्या वॉर्डात चिंगीच्या पायाच्या अंगठ्याला एक चिमटा लावला. छोट्याशा डब्यावर आकडा आला, शहाऐंशी. परिचारिकेनं तो बघितला आणि कुणाला काही न विचारता ऑक्सिजनची नळी नाकाला लावली. हाताला सुई टोचली, इंजेक्शनं सुरू झाली. न्यूमोनिया, दोन्ही बाजूंना. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून आकडा बघत राहिली. तिला वाचता फारसं येत नव्हतं, पण आकडे येत होते. नव्वद झाला, ब्याण्णव झाला, पुन्हा खाली आला.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. लसी झाल्यात का, दूध अंगावरचं का, घरात कुणी विडी ओढतं का, असं एकेक विचारत गेल्या. मग म्हणाल्या, "स्वयंपाक कशावर?"

भाचीनं मान ताठ केली. "धुराड्याची चूल आहे, डॉक्टरबाई. माझ्या मावशीनंच घातलीय. वस्तीतल्या सगळ्या तिनंच घातल्यात."

डॉक्टरबाईंनी मावशीकडे बघितलं. "छान काम करता हो तुम्ही," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मावशीच्या हातात चिंगीचं दुपटं होतं. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. आयुष्यात मावशीनं कामाचं कौतुक पुष्कळ ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी ते तिला गोड लागलं होतं. हे मात्र कडू लागलं. तिला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, पोर बरी होऊ दे, मग बोलू. मग वाटलं, पोर बरी झाली तर बोलायची गरजच काय? हा तिसरा विचार आला तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली.

दोन दिवस चिंगी नळीवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा पंच्याण्णववर टिकला. नळी काढली तरी टिकला. दुपारी चिंगीनं दूध ओढलं आणि भाची तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

बाहेर कपडे धुवायच्या नळापाशी मावशीनं तिला गाठलं.

"तुला एक सांगायचंय."

"बोल की."

"तुझ्या घरचं धुराडं बाहेर जात नाही. छपराखालीच संपतं. सगळा धूर घरातच पडतो."

भाची पिळे पिळत होती, ती थांबली. "म्हणजे ते बिघडलंय?"

"बिघडलं नाही. मीच तसं घातलं. पत्रा कापायचा कंटाळा केला."

"आणि तुला माहीत होतं? धूर आत पडतो ते?"

"हो."

"मी तिला मांडीवर घेऊन तिथं बसत होते तेव्हाही?"

मावशीनं पिळायला एक दुपटं उचललं. भाचीनं तिच्या हातातलं ओलं दुपटं काढून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते दुपटं शांतपणे झटकून दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "तू घरी जा आता. आमचं आम्ही बघू."

जाण्याआधी मावशी डॉक्टरबाईंच्या खोलीपाशी गेली. जे भाचीला सांगितलं तेच उभ्या उभ्या त्यांनाही सांगितलं, आणि विचारलं, "मग हे धुरानंच झालं का?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "न्यूमोनिया जंतूंनी होतो. धूर त्या जंतूंना वाट करून देतो. शंभर धुराची घरं आणि शंभर बिनधुराची घरं बघितली, तर धुराच्या घरांतली मुलं जास्त आजारी पडतात. पण एका मुलावर बोट ठेवून, हे धुरानंच झालं, असं मला नाही सांगता येत."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"तेही नाही सांगता येत, मावशी."

त्या पुढे म्हणाल्या, "पाइप बाहेर काढा. पण तेवढ्यानं संपलं असं समजू नका. चूल पेटवताना, लाकूड सारताना धूर येतोच. मूल स्वयंपाकाच्या जागी नको. दार-खिडकी उघडी हवी. आणि ज्यांना गॅस परवडतो त्यांनी रोजच वापरायला हवा, पाहुण्यांपुरता नाही."

मावशी टेम्पोतून परत आली ती थेट पत्रेवाल्याकडे गेली. पत्रेवाला तिच्याच वयाचा, बादल्या-डब्यांना बूड लावून देणारा, जरा टवाळ. "अकरा कॉलरी आणि अकरा टोप्या?" तो म्हणाला. "काय मावशी, धुराड्यांची लग्नं लावताय की काय?" मावशीच्या तोंडाकडे बघून त्यानं हसू आवरलं आणि कात्री उचलली.

पहिलं घर भाचीचं. ती दवाखान्यातून परत यायच्या आत जावयानं वर चढून पत्रा कापला. खाली मावशीनं चूल पेटवली. टोपीखालून धूर बाहेर पडून आभाळात गेला. इतकं सोपं होतं ते, अर्ध्या सकाळचं काम. जावई शिडीवरून उतरला आणि तिच्याकडे न बघता हात धुवायला गेला.

मग एकेक घर. आरोग्यताई सोबत यायला तयार होत्या, पण मावशी म्हणाली, बोलणार मी. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं तेच सांगितलं. चूल चुकीची घातली, जाणूनबुजून घातली, आता नीट करते. ते म्हणणं कुठंच सोपं गेलं नाही, दहाव्या घरीसुद्धा नाही. एकीनं कपाळाला हात लावला. एकीनं तिच्या तोंडावर दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "अगं, आम्ही जन्मभर धूर खाल्ला, मेलो का?" मावशी म्हणाली, "आपण उरलो ते दिसतो, म्हातारे. जे उरले नाहीत ते सांगायला येत नाहीत." म्हातारीनं दारातून वाट दिली. तिचीही दोन गेली होती, दोन्ही रांगती.

शिवणवालीचं घर तिनं शेवटी ठेवलं. वाटेतलं होतं, तरी शेवटी ठेवलं.

शिवणवाली मशीनवर होती. मावशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. मशीन चालतच राहिलं, बाहीची शिवण पूर्ण झाली, दोरा तुटला. मग ती म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या दिवशी इथं बसून म्हणालात, थंडी बाधली."

"म्हणाले."

"मी वर्षभर स्वतःला खातेय. त्याला टोपरं घातलं नव्हतं मी त्या दिवशी. वर्षभर मला वाटतंय की टोपरं घातलं असतं तर."

हे मावशीच्या ध्यानीमनी नव्हतं. आपलं पाप आपल्यापाशी आहे असंच ती धरून चालली होती. तिनं ते मुकाट्यानं या बाईच्या पदरात टाकलं होतं आणि ही बाई वर्षभर ते वाहत होती.

"टोपऱ्यानं काही झालं नाही, पोरी," ती कशीबशी म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणतात, नेमकं कशानं ते सांगता येत नाही. पण टोपऱ्यानं नाही. एवढं मी त्यांना विचारून येते हवं तर. तू चल माझ्याबरोबर."

"मला नाही यायचं तुमच्याबरोबर कुठं." शिवणवालीचा आवाज चिरकला. ती उठली, आतून पहार घेऊन आली आणि मावशीसमोर ठेवली. "पाइप नको मला बाहेर काढायला. नवऱ्यानं गॅस आणलाय, मीच हात लावत नव्हते. ही चूल काढा. माझ्यासमोर काढा."

मावशीनं पंचवीस वर्षांत शेकडो चुली घातल्या, फोडली एकही नव्हती. तिची माती घट्ट, पहार लागेना. शिवणवाली दारात उभी राहून बघत होती. तुकडे तुकडे करून मावशीनं ते घमेल्यात भरलं, राख झाडून काढली, जमीन सारवली. तीन खेपा डोक्यावरून तिनं एकटीनं वाहिल्या. निघताना ती काही बोलायला वळली, तर मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

त्यानंतर शिवणवाली तिच्याशी बोलली नाही. पण मोठ्या दवाखान्यात ती गेली, एकटी गेली, आणि डॉक्टरबाईंना टोपऱ्याचं विचारून आली. हे मावशीला आरोग्यताईंकडून कळलं.

भाचीचा राग उतरायला उन्हाळा लागला. एके दिवशी ती चिंगीला घेऊन आली आणि म्हणाली, "धर जरा हिला, मी पाणी भरून येते." बस्स, इतकंच. मावशीनं पोरीला घेतलं. चिंगी आता उभी राहायला लागली होती. मावशीनं तिच्या पाठीला कान लावला आणि श्वास ऐकला. ही सवय तिला लागली ती लागलीच. भाचीला ती आवडत नव्हती, पण ती काही म्हणायची नाही.

धंदा आटला. चूल घालायला बोलावणं आलं की मावशी आधी विचारते, छपराला भोक पाडू देणार का. नाही म्हटलं की ती उठते. ज्यांच्याकडे गॅसची शेगडी आहे त्यांना सांगते, मला कशाला बोलावता, ती पेटवा. काही बायका म्हणतात, मावशी म्हातारपणी विक्षिप्त झाली. आरोग्यताई म्हणतात, मावशी, तुम्ही चूक कबूल केलीत, अकराच्या अकरा घरं फिरलात, आता सोडा. मावशी हो म्हणते. तिला माहीत आहे की अकरांपैकी दहाच धुराडी दुरुस्त झाली, आणि जिथं काही दुरुस्त होण्याजोगं उरलंच नव्हतं तिथली मोकळी सारवलेली जागा तिनं स्वतःच्या हातांनी करून दिली आहे.